स्वयंपाकघरातली छोटी आग : धूर गेला, वास काही जात नाही

कोपऱ्यातली_खिडकी

मंडळी, नमस्कार. एरवी मी वाचनमात्र असते, आज गरजेपोटी लिहितेय.

बारा दिवसांपूर्वी आमच्या स्वयंपाकघरात कढईतलं तेल पेटलं. फोन आला म्हणून दोन मिनिटं बाहेर गेले, त्या दोनाची सात कधी झाली कळलं नाही. परत आले तर ज्वाळा वरच्या कपाटाच्या तळाला लागलेल्या. नवऱ्याने गॅस बंद केला आणि मोठं झाकण सरकवलं. पाणी ओतलं नाही, एवढं तरी भान राहिलं. कपाटाचं एक दार जळून कोळसा झालं, शेजारी ठेवलेले प्लास्टिकचे दोन डबे वितळले, छतावर काळा पट्टा उमटला. कोणाला काही झालं नाही. सगळा तमाशा दहा मिनिटांचा.

पण वास! दोन खोल्या पलीकडच्या कपाटातल्या चादरींनाही येतोय. आतापर्यंत केलेले उद्योग : छत आणि भिंती भांड्यांच्या साबणाच्या ओल्या फडक्याने पुसल्या (छताचा काळा पट्टा होता तो आता राखाडी ढग झालाय), सगळे पडदे आणि सोफ्याचे अभ्रे मशीनमध्ये दोनदा धुतले, खिडक्या दिवसरात्र उघड्या ठेवल्या. चार दिवस वाटलं, गेला. शुक्रवारी पाऊस पडला, हवा दमट झाली आणि वास जसाच्या तसा परत.

सोमवारी रंगारी येणार आहे, दोन हात मारून देतो म्हणाला. रंग दिल्यावर वास जाईल ना? आणि पडद्यांचं काय करू? तिसऱ्यांदा धुवू की टाकून देऊ?

मी_आपली_सहज

बापरे, थोडक्यात निभावलं! ताई, प्रत्येक खोलीत वाटीभर व्हिनेगर ठेवा आणि कोपऱ्यांत खाण्याचा सोडा. आमच्याकडे एकदा भांडं करपून घरभर धूर झाला होता, तेव्हा याच उपायाने दोन दिवसांत वास गेला. अगदी साधं आहे, कशाला रंगबिंग.

बोका_क्रमांक_एक

मूळ प्रश्न बाजूला राहिला. दोनाची सात मिनिटं करणारा फोन कोणाचा होता?

कोपऱ्यातली_खिडकी

@बोका, सासूबाईंचा. "स्वयंपाक झाला का" हे विचारायला.

हिशेबी_माणूस

रंग द्या, प्रश्न मिटेल. माझ्या भावाच्या फ्लॅटमध्ये असंच झालं होतं. भिंती पुसल्यासुद्धा नव्हत्या, सरळ रंग दिला. आज तीन वर्षं झाली, वासाचं नाव नाही. उगाच घासाघीस करत बसू नका.

दुसरा_हात

ताई, सोमवारच्या रंगाऱ्याला आधी फोन करून थांबवा. मग पुढचं वाचा.

मी आग आणि पाण्याने खराब झालेल्या घरांच्या साफसफाईच्या कामात चौदा वर्षं आहे. त्याआधी रंगकाम करायचो, नावावरून कळलंच असेल. सगळ्यात जास्त फोन कसले येतात सांगू? "रंग दिला, तरी वास येतोय." साधा पाण्यातला इमल्शन रंग वास अडवत नाही. खालचा तेलकट थर तसाच राहिला तर एकतर रंग नीट धरत नाही, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत पिवळे डाग वर येतात, आणि दमट दिवशी वास येतोच. @हिशेबी, तुमच्या भावाकडे बहुतेक तेलाचा प्रायमर मारला असेल. विचारून बघा.

आता तुमच्या घरात काय झालंय ते. तुमच्याकडे दोन प्रकारचा धूर झालाय. लाकूड, कागद जळला की कोरडी, भुरभुरीत काजळी पडते. ती डोळ्यांना दिसते, म्हणून माणूस तिच्याच मागे लागतो. तेल आणि प्लास्टिकचा धूर मात्र चिकट असतो. तेलाचा तर बऱ्याचदा दिसतही नाही, भिंतीवर पिवळसर पातळ साय धरल्यासारखा बसतो आणि सगळ्यात जास्त वास त्यालाच असतो. गरम धूर वर चढतो, छताखालून पुढच्या खोल्यांत जातो आणि जिथे थंड पृष्ठभाग मिळेल तिथे बसतो : बाहेरच्या बाजूच्या भिंती, खिडकीच्या काचा, बंद कपाटांच्या आतल्या बाजू. म्हणून तुमच्या चादरींना वास आहे आणि शेगडीशेजारच्या फरशीला नाही.

एक परीक्षा करा. पांढरं सुती फडकं स्पिरिटमध्ये थोडं भिजवा (आसपास शेगडी, काडेपेटी नको) आणि बैठकीच्या खोलीत दाराच्या चौकटीच्या वर तळहाताएवढी जागा पुसा. मग भिंतीवरची एखादी तसबीर काढून तिच्या मागची जागा दुसऱ्या फडक्याने पुसा. दोन्ही फडकी शेजारी धरा. पहिलं पिवळट-तपकिरी आणि दुसरं स्वच्छ निघालं, तर काय पुसायचं आणि कुठपर्यंत, ते कळलं. काय दिसतं ते इथे लिहा, मग पुढचं सांगतो.

मी_आपली_सहज

म्हणजे माझं व्हिनेगर वाया?

दुसरा_हात

वाया नाही. हवेतला वास थोडा कमी वाटतो. पण वास हवेत राहत नाही, भिंतीतून रोज नवा येतो. तुमच्याकडे नुसतं भांडं करपलं होतं, भिंतीला थर बसलाच नव्हता. खिडक्या उघडून बसला असतात तरी दोन दिवसांत गेला असता.

विमान_चुकलं

छान धागा. आमच्या भाड्याच्या घरात आधीचा भाडेकरू साखळी सिगारेटवाला होता. त्याचाही वास असाच जात नाही. आग लागली नव्हती, पण धूर तो धूरच. मालकाकडून रंगाचे पैसे मागता येतात का?

बोका_क्रमांक_एक

त्याच्याकडे आग वर्षानुवर्षं हप्त्याने लागत होती.

दुसरा_हात

@विमान, भिंतीचं काम जवळपास तेच, फक्त थर जास्त जाड आणि जुना. पैशांचं मला विचारू नका, करारात काय लिहिलंय ते बघा.

कोपऱ्यातली_खिडकी

परीक्षा केली. तसबिरीमागचं फडकं पांढरंच. दारावरचं फडकं बघून मला धक्काच बसला, जुन्या फोटोसारखा पिवळा डाग. आणि ही भिंत मी स्वतः साबणाने पुसली होती! स्वयंपाकघरातल्या छताचं तर विचारू नका, बोट फिरवलं की काळं फरफटतं.

रंगाऱ्याला थांबवलंय. तो म्हणाला, "ताई, माझ्या रंगाने सगळं जातं." मी म्हटलं, फोरमवर एक काका आहेत.

दुसरा_हात

काका चालेल.

तुमच्या हातून एक गोष्ट चुकली, ती सगळ्यांकडूनच चुकते. काजळीला पहिला हात ओला लावायचा नसतो. कोरडी काजळी व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने, भिंतीला जेमतेम टेकवत, ओढून घ्यायची. मग काजळीसाठीचा कोरडा रबरी स्पंज मिळतो, त्याने एकाच दिशेने पट्टे मारत पुसायचं, गोल गोल नाही. स्पंजची बाजू काळी झाली की उलटायची, सगळ्या बाजू भरल्या की ब्लेडने वरचा पापुद्रा कापून टाकायचा. तो स्पंज धुवायचा नाही, ओला झाला की निकामी. तुम्ही आधीच ओलं फडकं फिरवलंत, त्यामुळे काजळी रंगाच्या छिद्रांत गेली आणि तुमचा राखाडी ढग झाला. तिथे आता स्पंजचा उपयोग नाही. पण बाकी खोल्यांत जिथे हात लागलेला नाही, तिथे आधी कोरडंच करा.

मग धुणं. साध्या साबणाने ही साय सुटत नाही हे तुम्ही पाहिलंच. धुण्याचा सोडा घ्या, खाण्याचा नव्हे. एक लिटर कोमट पाण्याला एक मोठा चमचा, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब. हातमोजे घाला, डोळे सांभाळा. दुसऱ्या बादलीत साधं पाणी. पहिल्यांदा दाराआडच्या कोपऱ्यात करून बघा, कारण सोड्याने काही रंगांची चकाकी जाते आणि स्वस्तातला डिस्टेंपर तर फडक्यावरच येतो. फडक्यावर रंग आला तर धुणं थांबवा, ती भिंत खरवडूनच काढावी लागेल.

भिंत धुताना खालून वर जा. उलटं वाटेल, पण वरून धुतलं की घाण पाण्याचे ओघळ खालच्या कोरड्या भिंतीवर उतरतात आणि ते नंतर निघता निघत नाहीत. ओल्या भिंतीवर उतरले तर पुसून जातात. साधारण एक मीटर बाय एक मीटरचा तुकडा घ्यायचा : सोड्याचं फडकं, दोन मिनिटं थांबायचं, पुसायचं, लगेच साध्या पाण्याचं फडकं, मग कोरडं. बादलीतलं पाणी पिवळट दिसायला लागलं की बदलायचं, नाहीतर तीच साय परत लावत बसाल. स्विचबोर्डांपाशी मेन बंद करून फक्त कोरडं पुसा.

वाळल्यावर पुन्हा स्पिरिटचं फडकं. पांढरं निघालं तर ती भिंत झाली.

अणुरेणू

दुसरा_हात यांचं म्हणणं बरोबर आहे, कारण सांगते. तेलाच्या धुरातली साय आम्लधर्मी आणि चरबीयुक्त असते. धुण्याचा सोडा अल्कली आहे, तो तिचा थोडाफार साबणच करतो, म्हणून ती पाण्यात सुटते. तेच व्हिनेगरने कसं होणार, ते स्वतःच आम्ल. आणि "सोडा आणि व्हिनेगर दोन्ही एकत्र घाला, फसफसतं म्हणजे साफ होतंय" हा सल्ला कोणी देण्याआधीच सांगते : ते एकमेकांना मारून टाकतात, उरतं खारट पाणी.

दुसरं, अधिक गंभीर. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. अमोनियावाल्या काचेच्या क्लीनरबरोबरही नाही. बंद स्वयंपाकघरात हे प्रयोग अंगावर येतात.

बोका_क्रमांक_एक

दहावीत या बाई मला असत्या तर मी आज कुठेतरी असतो.

मी_आपली_सहज

मी देणारच होते तो सल्ला. 🙈

परीटघडी

पडद्यांबद्दल मी लिहितो. कपडे धुण्याचाच धंदा आहे, धुराचे कपडे महिन्यातून एकदा तरी येतातच.

ताई, मशीनमध्ये दोनदा धुतलेत ते कसे? सगळे एकदम, गरम पाण्यात, नंतर सुगंधी कंडिशनर, मग इस्त्री?

कोपऱ्यातली_खिडकी

...तुम्ही आमच्या घरात कॅमेरा लावलाय का?

परीटघडी

सगळे असंच करतात. गरम पाणी, ड्रायर आणि इस्त्री, तिन्हीची उष्णता तेलकट काजळी धाग्यात पक्की करते. कंडिशनर धाग्यावर थर चढवतो, वास दाबतो, आणि चार दिवसांनी त्या सुवासातून जळका वास डोकावतो. तो नुसत्या जळक्यापेक्षा वाईट.

सुती आणि पॉलिस्टरच्या साध्या पडद्यांना अजून आशा आहे. बाहेर गॅलरीत नेऊन झटका, घरात नाही. मग थंड पाण्यात नुसत्या साबणाने एक धुणं, म्हणजे मोकळी काजळी निघून जाते. त्यानंतर ऑक्सिजन ब्लीच घ्या, पाकिटावर सोडियम परकार्बोनेट लिहिलेलं असतं. पाच लिटर पाण्याला दोन मोठे चमचे, पाणी हाताला सोसेल इतपत कोमट, चाळीस अंशांच्या आसपास. सहा तास ते रात्रभर भिजवा. रंगीत पडदा असेल तर आधी आतल्या दुमडीचा कोपरा भिजवून बघा. नंतर मशीनमध्ये दोन-दोन पडदेच घाला, कंडिशनर नको, पाण्याचा एक फेरा जास्त. वाळवायचं दोरीवर. इस्त्री शेवटी, वास गेल्याची खात्री झाल्यावरच. रेशीम आणि लोकर असेल तर यातलं काहीही करू नका, अल्कली धागाच खाते. ते ड्रायक्लीनला द्या आणि "धुराचे आहेत" असं स्पष्ट सांगा. नाही सांगितलं तर दुसऱ्यांच्या कपड्यांबरोबर फिरतात आणि मग आमच्या नावाने शिमगा.

वास गेला की नाही ते ओल्या कपड्यावर बघायचं. वाळलेला पडदा फसवतो.

कोपऱ्यातली_खिडकी

आणि बेडरूममधले उजेड अडवणारे जाड पडदे? मागे रबरासारखं अस्तर आहे ते.

परीटघडी

त्यांचं वाईट आहे. त्या मागच्या लेपात वास मुरतो. जोरात धुतलं तर लेप तडकून पापुद्रे पडतात, हळू धुतलं तर वास राहतो. थंड पाण्यात हाताने एकदा प्रयत्न करा. सुटला तर नशीब.

सरळसोट

एवढं राबण्यापेक्षा ओझोनचं मशीन भाड्याने आणा. आमच्या ऑफिसात शॉर्टसर्किट झालं होतं, रात्रभर मशीन लावलं, सकाळी वास गायब. भिंतींना हातही लावला नाही.

दुसरा_हात

ओझोन मीही वापरतो, पण सगळी धुलाई झाल्यावर, शेवटी. थर तसाच ठेवून लावला तर वरवरचा वास मरतो आणि दोन-तीन आठवड्यांत खालून परत येतो. ऑफिसात पडदे, गाद्या, अन्न शिजवणं काही नसतं, शिवाय ते वायरीचं प्रकरण लहान असेल.

सरळसोट

आठ महिने झाले, परत आलेला नाही. अनुभव तो अनुभव.

अणुरेणू

अनुभव असेल, पण ओझोन श्वासात जाणं घातक आहे. मशीन चालू असताना घरात माणूस, प्राणी, झाडं काही नको आणि नंतर भरपूर हवा खेळवायची. रबर, इलॅस्टिक ठिसूळ होतं. शिवाय ओझोन काही पदार्थांशी अभिक्रिया करून फॉर्मल्डिहाइडसारखे नवे वायू तयार करतो. घरच्या घरी मी तरी लावणार नाही.

सरळसोट

ऑफिस रिकामंच होतं हो रात्री. असो, माझं मत मी मांडलं.

निवांत_काठ

थोडं अवांतर, पण उपयोगी. अग्निशामक सिलेंडर वापरला असेल तर त्याची पिवळट पावडर आधी व्हॅक्यूम करा, ओल्या फडक्याने पुसू नका. आमच्याकडे ओली होऊन फ्रिजमागच्या पत्र्यावर बसली आणि महिन्याभरात पत्रा गंजला. आणि विमा असेल तर साफसफाईच्या आधी प्रत्येक भिंतीचे, प्रत्येक पडद्याचे फोटो काढून ठेवा. आम्ही घासूनपुसून लख्ख केलं, मग पाहणीला आलेला माणूस विचारतो, "नुकसान कुठंय?"

कोपऱ्यातली_खिडकी

सिलेंडर नव्हता. फोटो पण नव्हते. 😑

हिशेबी_माणूस

भावाला विचारलं. त्याच्या रंगाऱ्याने आधी काहीतरी "वासाचा, झोंबणारा प्रायमर" मारला होता म्हणे. ठीक आहे, अर्धा मान्य.

---

कोपऱ्यातली_खिडकी

नऊ दिवसांनी हजर. सविस्तर लिहिते, पुढे कुणाला तरी उपयोगी पडेल.

भिंती सांगितल्याप्रमाणे खालून वर धुतल्या. बैठकीच्या खोलीला अठरा बादल्या पाणी लागलं, पहिल्या सहा बादल्यांचा रंग बघवत नव्हता. स्पिरिटचं फडकं आता सगळीकडे पांढरं. स्वयंपाकघराचं छत दोनदा धुतलं, ढग फिका झाला पण गेला नाही. साधे पडदे परकार्बोनेटमध्ये रात्रभर भिजवले, ओले असताना वास घेतला. नाही! पाणी मात्र गढूळ पिवळं झालं होतं. म्हणजे दोन वेळा मशीनमध्ये फिरूनही ते सगळं आतच होतं.

जाड पडदे हरले. हाताने धुतले तेव्हाच एका कोपऱ्याचा पापुद्रा निघाला आणि वास तसाच. टाकले.

आता गंमत. भिंती स्वच्छ, पडदे स्वच्छ, तरी काल पाऊस आला आणि पुन्हा वास. पहिल्यापेक्षा बराच कमी, पण आहे. मला रडू यायचं बाकी आहे.

दुसरा_हात

रडू नका, आता शोधायचं काम. कमी झालाय म्हणजे एक-दोन जागा राहिल्यात. दार-खिडक्या बंद करून एक तास बाहेर जा. आपल्याच घराच्या वासाला नाक दहा-पंधरा मिनिटांत सरावतं, म्हणून आत बसून शोधता येत नाही. परत आल्यावर पहिल्या मिनिटात एकेका ठिकाणी नाक लावा. माझी यादी : एसीच्या जाळ्या, पंख्याच्या पात्यांची वरची बाजू, दारांच्या वरच्या कडा, पडद्याच्या पोकळ दांड्या, धूर ओढणाऱ्या चिमणीची जाळी आणि नळी, आणि स्वयंपाकघरातल्या कपाटांचे माथे. छताच्या कोपऱ्यात जळमटासारख्या काळ्या लोंबत्या दोऱ्या दिसल्या तर ती कोळ्याची नव्हेत, काजळीच्या साखळ्या असतात. झाडूने मारू नका, व्हॅक्यूमने ओढा.

लहान वस्तूंसाठी बरणीची युक्ती. उशीचा अभ्रा, मोजा, खेळणं, जे असेल ते झाकणाच्या काचेच्या बरणीत घालून तासभर उन्हात ठेवा. झाकण उघडून लगेच हुंगा. उबेने वास बाहेर येतो, संशयाला जागा राहत नाही.

कोपऱ्यातली_खिडकी

सापडलं!! दोन ठिकाणी.

पहिलं, बैठकीतल्या एसीची जाळी. आग लागली तेव्हा एसी चालू होता आणि माझ्या लक्षातच आलं नाही. जाळी काढली, काळी आणि चिकट. म्हणजे इतके दिवस मी एसी लावून स्वच्छ भिंतींवर परत तोच वास फुंकत होते. जाळी सोड्याच्या पाण्यात धुतली, आतल्या पट्ट्यांसाठी माणूस बोलावलाय.

दुसरं, जळलेलं कपाट. दार नवीन बसवलं होतं, बाहेरून सनमायका पुसला होता, चकचकीत. पण स्टूलवर चढून माथ्यावर हात फिरवला तर तिथे सनमायका नाहीच, नागडा प्लाय. मागची बाजूही तशीच. हात काळा झाला आणि वास असा आला की आग आत्ताच विझली असावी.

दुसरा_हात

नागडा प्लाय म्हणजे टीपकागद. तो धुऊन सुटणार नाही, पाण्याने फुगेल मात्र. व्हॅक्यूम करा, स्पंजने पुसा, जळलेला भाग खरवडून लाकडाचा रंग दिसेपर्यंत घासा (मास्क लावून), आणि मग शेलॅकचा प्रायमर, सगळ्या उघड्या बाजूंना दोन हात. तोच प्रायमर छताच्या ढगावर. शेलॅक म्हणजे लाखच, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. डाग आणि वास दोन्ही बंदिस्त करते, तासाभरात दुसरा हात मारता येतो. मारताना आणि वाळेपर्यंत शेगडी, पायलट ज्योत, काडी काही नको, वाफ पेट घेते. खिडक्या उघड्या. एकदा आग लावून झालीय, तेवढी पुरे.

त्यावर तुमचा रंगारी त्याचे दोन हात खुशाल मारू दे. आता त्याचं म्हणणं खरं ठरेल.

बोका_क्रमांक_एक

रंगारी : "बघा, माझ्या रंगाने गेला की नाही!"

परीटघडी

ताई, मशीनही एकदा रिकामं, कडक गरम पाण्यावर सोडा घालून फिरवा. दाराच्या रबराच्या घडीत काजळी साठते. नाहीतर स्वच्छ कपड्यांना ती परत लागेल.

कोपऱ्यातली_खिडकी

रबराची घडी उलगडली. काय होतं ते सांगत नाही.

---

कोपऱ्यातली_खिडकी

तीन आठवड्यांनी. छत आणि कपाट प्रायमर करून रंगवलं, एसी साफ झाला. मधे दोनदा चांगला पाऊस झाला, भिंतींचा वास नाही. बाहेरगावाहून आलेल्या भाचीला काही न सांगता आत बोलावलं, ती "नवीन रंगाचा वास येतोय" म्हणाली.

एकच उरलंय, सोफा. अभ्रे निघाले, पण आतल्या फोमला बरणीच्या परीक्षेत (कोपऱ्यातून बोटभर तुकडा कापून) अजून वास आहे. खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवला, व्हॅक्यूम केला, दोन दिवस ऊन दिलं. निम्मा झाला असेल.

मी_आपली_सहज

सोडा उपयोगी पडला म्हणजे! मी म्हटलं होतं.

सरळसोट

सोफ्याला ओझोन. रिकाम्या खोलीत. मी सांगितलं म्हणून नका करू, पण.

अणुरेणू

फोमवर तर अजिबातच नको.

परीटघडी

फोममध्ये मुरलेला वास पूर्ण गेलेला मी क्वचित पाहिलाय. बसायच्या गाद्यांचा फोम बदलून घ्या, सांगाडा तोच ठेवा.

दुसरा_हात

आधी अजून आठ-दहा दिवस ऊन-वारा देऊन बघा, मग बदला. मी पन्नास टक्क्यांवरून सुटलेलेही पाहिलेत, न सुटलेलेही. आणि ताई, त्या कपाटाच्या मागची भिंत धुतलीत का? कपाट हलवल्याचं कुठे लिहिलेलं दिसलं नाही.

कोपऱ्यातली_खिडकी

नाही हलवलं. भिंतीला ठोकलेलं आहे ते.

उद्या सुताराला बोलावते.